दहा दिवस उरले आणि पाचशे खुर्च्या रिकाम्या

नाटकाच्या प्रयोगाला दहा दिवस उरलेत. सकाळी आयोजकाच्या फोनवर बुकिंगचा हिशोब येतो: ‘काल विक्री १४, रद्द ३, निव्वळ ११. आजवर २७३.’ नाट्यगृह ९०० खुर्च्यांचं. आयोजकाचा जीव टांगणीला लागतो आणि सवलत जाहीर करायची घाई सुरू होते.

हे आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पण त्या घाईमागचा गैरसमज नेहमीचा आहे. तिकिटं रोज सारखीच खपतात, असं धरलं जातं. वीस दिवसांत २७३ गेली, म्हणजे दिवसाला चौदाएक. त्याच चालीने उरलेल्या दहा दिवसांत फार तर ४१०पर्यंत पोचू.

प्रत्यक्षात विक्री अशी सरळ रेषेत चालत नाही. प्लॅन उघडला की पहिले दोन-तीन दिवस चाहते रांग लावतात. मग मधले दिवस थंड जातात. ‘बघू, शनिवारी जमतंय का’ म्हणत थांबलेले लोक शेवटच्या आठवड्यात येतात. म्हणून कालच्या विक्रीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: आपल्याच आधीच्या प्रयोगांना दहा दिवस आधी किती तिकिटं गेली होती? समजा, मागच्या तीन प्रयोगांना तोवर एकूण विक्रीच्या ४०, ४५ आणि ५० टक्के तिकिटं गेली होती. २७३ला या प्रमाणांनी भागलं, की अंदाज अनुक्रमे ६८२, ६०७ आणि ५४६ येतो. हा पल्ला मोठा आहे, पण ४१०च्या भीतीपेक्षा खरा आहे. तुलनेतला एखादा प्रयोग हाऊसफुल्ल झाला असेल, तर मात्र जपून. तिथे खुर्च्या संपल्या म्हणून विक्री थांबली, मागणी संपली म्हणून नव्हे. त्यामुळे त्याचं प्रमाण फुगलेलं दिसतं आणि अंदाज कमी येतो.

दुसरा गैरसमज ९०० या आकड्याचा. सगळ्या खुर्च्या विकायच्या नसतातच. ध्वनियंत्रणा आणि कॅमेऱ्यासाठी १८, प्रायोजकांना ६०, पाहुणे आणि कलाकारांच्या पासांना ४२ दिल्या, तर विक्रीला ७८० राहतात. २७३ म्हणजे ९००च्या ३० टक्के, पण ७८०च्या ३५. रोजच्या हिशोबात भागायचं ते ७८०नेच, आणि मागच्या प्रयोगांनाही हाच नियम लावायचा.

हा ७८०चा आकडा शेवटपर्यंत टिकतोच असं नाही. प्रयोगाला तीन दिवस असताना ४८० तिकिटं गेलीत, म्हणजे साडेएकसष्ट टक्के. त्या दिवशी प्रायोजकांनी २५ पास परत केले, विक्रीच्या खुर्च्या ८०५ झाल्या आणि आणखी ८ तिकिटं खपली. विक्री वाढून ४८८ झाली, तरी टक्केवारी साठच्या वर जेमतेम राहिली. अशा दिवशी हिशोबात एक ओळ हवीच: ‘परत आलेल्या खुर्च्या २५.’