करवली होशील का?

सख्खी बहीण नसलेल्या नवरीची करवली बहुधा चुलत-मामे बहिणींतून ठरते. पण जिवाभावाच्या मैत्रिणीनेच कऱ्हा धरावा, असं वाटलं तर? तिला चार नातेवाइकांसमोर विचारू नका. तिथे ‘हो’शिवाय दुसरं उत्तर उरत नाही. निदान दोन महिने आधी, एकटीला निरोप पाठवा. समोरासमोर किंवा फोनवर लगेच उत्तर द्यावं लागतं. निरोपावर विचार करता येतो.

निरोप असा असावा: “अगं, माझी करवली होशील का? आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनाला यायचं आणि सकाळी मंगलाष्टकं संपेपर्यंत कऱ्हा घेऊन माझ्यामागे उभं राहायचं. साडी माझ्याकडून. रजा किंवा प्रवास जमत नसेल तर नुसतं ‘नाही जमणार’ म्हण, कारण नको. मामेबहीण तयार आहे. रविवारपर्यंत कळव.”

यात मामेबहिणीचं वाक्य सगळ्यात कामाचं; आपल्यावाचून अडणार नाही, हे तिला कळतं. ‘तुझ्याशिवाय लग्न कसलं!’ हे मात्र प्रेमाने घातलेलं कोडं आहे. आणि “बघते, सांगते” असं उत्तर येऊन रविवार उलटला, तर तो नकारच समजावा. पुन्हा विचारू नये. पत्रिका मात्र स्वतः नेऊन द्यावी.