लपलेली मशेरी, विरळ झालेला धोका

तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि ती बोटाने दातांना, हिरड्यांना चोळायची. महाराष्ट्रातल्या असंख्य बायकांची सकाळ या मशेरीने सुरू होते. बऱ्याच जणींना दुपारी आणि रात्रीही ती लागते. अनेकींच्या लेखी हे तंबाखूचे व्यसन नव्हेच, दात घासणे आहे. म्हणूनच मशेरीमुळे पोटातल्या बाळावर काय परिणाम होतो हे शोधणाऱ्याची खरी अडचण प्रयोगशाळेत नसते. ती पहिल्याच प्रश्नापाशी असते: ‘तुम्ही तंबाखू घेता का?’

या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्या तीन बायकांचा विचार करू. एक खरोखरच घेत नाही. दुसरी मशेरी लावते, पण ती तंबाखूत मोजत नाही. तिसरीला सगळे कळते, पण शेजारी सासू बसली आहे. संशोधकाच्या वहीत तिघींची नोंद एकाच रकान्यात होते. चूक उलट बाजूनेही होते. ‘दातांना काही लावता का?’ असे विचारले, तर तंबाखू नसलेले काळे दंतमंजन वापरणारीही ‘हो’ म्हणते आणि मशेरीवाल्यांत मोजली जाते.

या चुकांमुळे शेवटचा आकडा कुठे सरकतो, हे एका हिशेबातून पाहू. आकडे समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. एक हजार गरोदर बायका आहेत, त्यांपैकी २०० मशेरी लावतात आणि ८०० लावत नाहीत. मशेरी लावणाऱ्यांपैकी ८० जणींची, म्हणजे ४० टक्के बाळे अडीच किलोपेक्षा कमी वजनाची जन्मली. न लावणाऱ्यांपैकी १६० जणींची, म्हणजे २० टक्के. खरा धोका दुप्पट.

आता समजा, मशेरी लावणाऱ्यांपैकी एक चतुर्थांश ‘नाही’ म्हणाल्या. लपवण्याचा बाळाच्या वजनाशी काही संबंध नाही. मग ‘हो’च्या रकान्यात १५० जणी उरतात आणि त्यांतल्या ६० जणींची बाळे कमी वजनाची, म्हणजे टक्केवारी ४०च राहते. ‘नाही’च्या रकान्यात मात्र ५० मशेरीवाल्या आणि त्यांची २० कमी वजनाची बाळे मिसळतात. तिथला धोका २० वरून २१ टक्क्यांच्या थोडा वर जातो आणि दुपटीचा आकडा १.८९ पट होतो. एक चतुर्थांश बायकांनी खरे सांगितले नाही, तरी निकाल फारसा हलला नाही.

उलट्या बाजूची चूकही यात धरू. मशेरी न लावणाऱ्यांपैकी १० टक्के, म्हणजे ८० जणी दंतमंजनाच्या गोंधळात ‘हो’ म्हणाल्या. त्यांच्यात कमी वजनाची बाळे १६. आता ‘हो’च्या रकान्यात २३० जणी आणि ७६ कमी वजनाची बाळे, म्हणजे ३३ टक्के. ‘नाही’च्या रकान्यात ७७० जणी आणि १६४ बाळे, म्हणजे २१ टक्के. गुणोत्तर १.५५ वर आले. मशेरीने वाढणारा जवळपास निम्मा धोका केवळ नोंदीच्या घोळात दिसेनासा झाला.

संशोधक याला ‘शून्याकडे सरकणे’ म्हणतात. शून्य म्हणजे ‘काही संबंध नाही’ ही स्थिती. दोन गट एकमेकांत मिसळले की त्यांच्यातला फरक पुसट होतो, हे समजायला सोपे आहे. सहज लक्षात न येणारी गोष्ट वेगळीच आहे. हजारात २०० ऐवजी फक्त ४० जणी मशेरी लावत असत्या, तर चुकांचे हेच प्रमाण दुपटीचा धोका सव्वापटीच्याही आत आणते. कारण खऱ्या मशेरीवाल्या मूठभर आणि चुकून आलेल्या त्यांच्या तिप्पट. ज्या गोष्टीचा वापर विरळ आहे, तिच्या अभ्यासात सत्य लपवणाऱ्यांपेक्षा चुकून ‘हो’ म्हणणारे अधिक नुकसान करतात. प्रश्नावली बनवणाऱ्याने ‘काही लावता का?’ इथेच न थांबता डबी दाखवायला सांगावी, ती यासाठी.

इथपर्यंतचा हिशेब इतका नीटस आहे की त्यातून एक सवय रुजली आहे. अनेक शोधनिबंधांच्या शेवटी मर्यादा सांगताना वाक्य येते: नोंदीत चुका असतील, पण त्यामुळे खरा धोका आमच्या आकड्यापेक्षा जास्तच असणार. वाक्य नम्र वाटते, पण त्यातला दावा मोठा आहे. तो खरा ठरायला काही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात.

पहिली अट अशी की चुकीचे प्रमाण परिणामावर अवलंबून नसावे. इंग्रजी पाठ्यपुस्तके याला ‘नॉन-डिफरन्शिअल मिसक्लासिफिकेशन’ म्हणतात. आपल्या हजार जणींना तोच प्रश्न बाळंतपणानंतर विचारला असे समजू. बाळ अशक्त जन्मले की घरात पहिला प्रश्न सुनेला विचारला जातो: काय खाल्लेस, काय केलेस? त्या भीतीने कमी वजनाच्या बाळांच्या आयांपैकी निम्म्या जणींनी मशेरी लपवली आणि बाकी सगळ्यांनी खरे सांगितले, तर ‘हो’च्या रकान्यात १६० जणी आणि ४० बाळे येतात, म्हणजे २५ टक्के. ‘नाही’च्या रकान्यात ८४० जणी आणि २०० बाळे, म्हणजे जवळपास २४ टक्के. दुप्पट धोका अक्षरशः नाहीसा झाला.

याच्या उलटही घडू शकते. बाळाच्या काळजीने त्या आयांनी एकूण एक गोष्ट आठवून सांगितली आणि धडधाकट बाळांच्या मशेरीवाल्या आयांपैकी एक चतुर्थांश ‘नाही’ म्हणून मोकळ्या झाल्या, तर तोच धोका २.४४ पट दिसतो. लोकसंख्या तीच, मशेरी तीच. दोन्ही वेळा चूक परिणामाला चिकटून आली आणि एकदा आकडा बुडाला, एकदा फुगला.

मुंबईत झालेला एक अभ्यास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी तो २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी १,२१७ गरोदर बायकांना तंबाखूविषयी विचारले ते बाळंतपणाच्या आधी, आणि मग बाळांची वजने नोंदवली. धूररहित तंबाखू वापरणाऱ्यांमध्ये बहुतेक जणी मशेरीवाल्या होत्या. इतर घटकांचा हिशेब वजा केल्यावरही त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि बाळंतपण साधारण सहा दिवस आधी झाले. उत्तर देताना बाळाचे वजन कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे बाळ पाहून उत्तर बदलण्याची वाटच बंद झाली. कुणी मशेरी लपवली असेल, तर खरा फरक १०५ ग्रॅमपेक्षा जास्त असण्याची शक्यता इथे अधिक सयुक्तिक आहे.

तरीही आधी विचारले म्हणून सगळे निर्धोक झाले असे नाही. बऱ्या परिस्थितीतल्या घरच्या सुना मशेरी अधिक लपवत असतील, तर त्यांच्या बाळांचे वजन मुळात चांगलेच असते. मग चूक मागच्या दाराने परिणामाशी जोडली जाते. गरिबीची नोंदही कच्चीच असेल, तर गरिबीचा दोष पुरता वजा होत नाही आणि त्यातला काही मशेरीच्या नावावर चढतो. दुसऱ्या घटकाच्या मोजमापातली चूक अशा वेळी आपला आकडा फुगवूही शकते.

दुसरी अट रकान्यांची. ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोनच रकाने असतील, तोवर वरचा नियम चालतो. संशोधक मात्र बहुधा विचारतात, दिवसातून किती वेळा? समजा न लावणाऱ्यांत धोका २० टक्के, एकदोनदा लावणाऱ्या १०० जणींत २५ टक्के आणि चार-पाचदा लावणाऱ्या १०० जणींत ५० टक्के आहे. संकोचाने चार-पाचदा लावणाऱ्यांपैकी ४० जणी ‘एकदाच, सकाळी’ म्हणाल्या. मधल्या रकान्यात आता १४० जणी आणि ४५ बाळे, म्हणजे ३२ टक्के. थोड्या मशेरीचा धोका न लावणाऱ्यांच्या तुलनेत सव्वापट होता, तो १.६ पट दिसू लागला. चूक बाळाच्या वजनाशी संबंधित नव्हती, तरीही मधला आकडा शून्यापासून दूर गेला. ‘थोडी मशेरीही जवळपास तितकीच वाईट’ असा निष्कर्ष इथे सहज निघेल आणि तो चुकीचा असेल.

तिसरी अट छोट्या अभ्यासांच्या बाबतीत विसरली जाते. शून्याकडे सरकणे हा सरासरीचा नियम आहे. असेच अभ्यास पुनःपुन्हा केले, तर सरासरीने आकडा खाली येईल. मशेरीवाल्या पंधरा-वीसच असतील, तर त्यांतल्या नेमक्या कोण लपवतील हा योगायोग असतो आणि एखाद्या अभ्यासात तो आकडा वरही नेतो. आपल्या हातात असतो तो असा एखादाच अभ्यास.

मग करायचे काय? चूक किती आहे ते मोजायचे. निकोटीन शरीरात गेले की त्याचे कोटिनीन बनते आणि ते लघवीत सापडते. काही बायकांचे नमुने तपासून उत्तरांशी ताडले की लपवण्याचे आणि गोंधळाचे प्रमाण हाती येते. समजा आपल्या उदाहरणात तपासणीने सांगितले, मशेरीवाल्यांपैकी ७५ टक्के खरे बोलतात आणि न लावणाऱ्यांपैकी १० टक्के चुकून ‘हो’ म्हणतात. कमी वजनाच्या बाळांच्या आया २४० आणि त्यांपैकी ‘हो’ म्हणालेल्या ७६. २४० चे १० टक्के २४. ते ७६ मधून वजा केले की ५२ उरतात. ७५ मधून १० गेले, राहिले ६५ टक्के. ५२ ला ०.६५ ने भागा, उत्तर ८० येते. खऱ्या मशेरीवाल्या नेमक्या तेवढ्याच होत्या. बाकीच्या ७६० आयांमध्ये ‘हो’ १५४ आहेत. त्याच रीतीने तिथे १२० मिळतात आणि दुपटीचा धोका परत दिसू लागतो.

ही दुरुस्ती तपासणीइतकीच भरवशाची असते. गोंधळाचे प्रमाण १० ऐवजी ५ टक्के धरले, तर याच आकड्यांतून धोका १.७८ पट निघतो. शिवाय कोटिनीन दोनतीन दिवसांत ओसरते आणि गरोदरपणात त्याहून लवकर. दिवसाआड लावणारी बाई तपासणीतूनही निसटू शकते. घरात कुणी विडी ओढत असेल, तर तिच्या लघवीत ते थोडे सापडेलच. म्हणून दुरुस्त केलेला एकच आकडा छापू नये. चुकीचे प्रमाण इतके धरले तर धोका इतका, तितके धरले तर तितका, असा पूर्ण पल्ला वाचकापुढे ठेवावा.

‘अमुक गोष्टीचा आजाराशी संबंध आढळला नाही’ अशी बातमी वाचली की ती गोष्ट मोजली कशी, हे आधी पाहावे. एका ढोबळ प्रश्नावर उभा असलेला अभ्यास त्या गोष्टीला निर्दोष ठरवू शकत नाही. आणि ‘खरा धोका याहून जास्तच असेल’ असे कुणी लिहिले, तर प्रश्न परिणामाआधी विचारला होता का, रकाने किती होते आणि चूक मोजली होती का, याची उत्तरे त्याच्याकडे मागावीत. ती नसतील, तर आकडा कोणत्या दिशेने चुकला आहे हे त्यालाही ठाऊक नाही.