एक औंस पाणी, शंभर पौंडांचा जोर

द्रवांच्या समतोलावरचा ब्लेझ पास्कालचा ग्रंथ 1663 साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्याच्या सुरुवातीलाच एका प्रयोगाचे वर्णन आहे. भिंतीवर वेगवेगळ्या आकारांची भांडी पक्की बसवलेली आहेत. एक सरळ, एक तिरके, एक ऐसपैस, आणि एक बारीक नळीसारखे, फक्त तळाशी रुंद झालेले. प्रत्येकाच्या तळाला सारखेच भोक आणि त्यात सारखाच दट्ट्या. दट्ट्याला बांधलेला दोरा भांड्यातून वर जाऊन तराजूच्या एका दांडीला अडकवलेला. सगळ्यांत सारख्या उंचीपर्यंत पाणी भरले, तर दट्ट्या जागेवर धरून ठेवायला दुसऱ्या पारड्यात प्रत्येक वेळी तेवढेच वजन टाकावे लागते. ऐसपैस भांड्यात शंभर पौंड लागले, तर बारीक नळीतही शंभरच, मग तिच्यात जेमतेम एक औंस पाणी का असेना. सायमन स्टेव्हिनने हेच 1586 साली डच भाषेत लिहून ठेवले होते.

एक औंस पाणी शंभर पौंडांनी कसे दाबेल? उरलेला जोर आला कुठून?

आकडे सोपे घेऊन हिशेब करू. एका भांड्याचा तळ 100 चौरस सेंटीमीटर. तळापासून 10 सेंटीमीटर उंचीपर्यंत ते सरळ आहे. तिथे त्याला आडवा, सपाट खांदा आहे, आणि खांद्यातून 10 चौरस सेंटीमीटरची अरुंद मान आणखी 20 सेंटीमीटर वर गेली आहे. भांडे काठोकाठ भरायला खालच्या भागात 1000 आणि मानेत 200, असे 1200 घनसेंटीमीटर पाणी लागते. म्हणजे 1.2 किलो.

मानेच्या बरोबर खाली तळावर 30 सेंटीमीटर पाणी उभे आहे, त्यामुळे तिथल्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर 30 ग्रॅमचा भार पडतो. खांद्याखालच्या तळावर मात्र फक्त 10 सेंटीमीटर पाणी दिसते. पण तिथला दाब कमी असता, तर पाणी मधून कडेला वाहू लागले असते. ते स्थिर आहे, त्याअर्थी एका पातळीवर दाब सगळीकडे सारखाच आहे. तळावरचे एकूण बल मग 100 गुणिले 30, म्हणजे 3 किलो वजनाइतके.

पाणी 1.2 किलो, तळावर बल 3 किलोचे. मधले 1.8 किलो खांद्यापाशी सापडतात. खांद्याचे क्षेत्रफळ 90 चौरस सेंटीमीटर, आणि तो पाण्याच्या पृष्ठभागापासून 20 सेंटीमीटर खाली आहे. पाणी त्याला 90 गुणिले 20, म्हणजे 1.8 किलोच्या बलाने वर रेटते. खांदा हलत नाही, म्हणून तोही पाण्याला तेवढ्याच बलाने खाली दाबतो. तळाला पाण्याचे वजन आणि खांद्याचा हा रेटा, दोन्ही सोसावे लागतात.

हे भांडे वजनकाट्यावर ठेवले, तर काटा पाण्याचे 1.2 किलोच दाखवेल. तळ 3 किलोने खाली ढकलला जातो आणि खांदा 1.8 किलोने वर. दोन्ही एकाच भांड्याचे भाग असल्याने काट्यापर्यंत पोहोचते ती वजाबाकी. पास्कालचा दट्ट्या भांड्याला जोडलेला नव्हता, म्हणून त्याच्या तराजूला तळावरचे पूर्ण बल दिसले. माझ्या मते सगळा घोळ या दोन मापांची गल्लत केल्यानेच होतो. वरून पसरट भांड्यात उलटे घडते. तिथे जास्तीचे पाणी बाजूच्या भिंती पेलतात आणि तळाला तेवढेच 3 किलो येतात.

पास्कालने पुढे एक फारच मार्मिक गोष्ट नोंदवली आहे. नळीतले पाणी गोठले आणि बर्फ भांड्याला चिकटला नाही, तर त्याला तोलायला एक औंस पुरतो. बर्फ वितळला की पुन्हा शंभर पौंड. घन पदार्थ आपला आकार धरून राहतो, तो खांद्याला वर रेटत नाही; मग खांद्याकडून परतीचा रेटाही मिळत नाही.

आपल्या इमारतींत याचा संबंध येतो गच्चीवरच्या टाकीशी. वरच्या मजल्यावर पाण्याला जोर नसतो, म्हणून मोठी टाकी बसवायची सूचना होते. पण टाकीतली पातळी नळापासून 2 मीटर वर असेल, तर टाकी 500 लिटरची असो की 5000 ची, बंद नळापाशी टाकीमुळे पडणारा दाब चौरस सेंटीमीटरला सुमारे 0.2 किलोच. रुंद टाकीचा फायदा इतकाच, की वापर सुरू झाल्यावर तिची पातळी सावकाश उतरते. जोर वाढवायचा तर टाकी उंच चढवायला हवी किंवा पंप लावायला हवा.

हा हिशेब स्थिर पाण्याचा आहे. नळ उघडला की पाइपातल्या घर्षणात दाब खर्ची पडतो. म्हणून प्लंबरकडून नळापाशी दाबमापक लावून घ्यावा आणि आधी सगळे नळ बंद ठेवून आकडा पाहावा. तो उंचीच्या हिशेबाने बरोबर असेल आणि शेजारचा नळ सोडताच धाडकन खाली येत असेल, तर दोष टाकीचा नाही; पाइप अरुंद आहे किंवा आतून गंजून भरला आहे.