इंधनातली उष्णता भांड्यात किती?

एक लिटर पाण्याचं तापमान एक अंशाने वाढवायला जेवढी उष्णता लागते, तेवढा एक उष्मांक. म्हणजे २५ अंशांवरचं पाच लिटर पाणी उकळीला आणायचं, तर पाण्यात ३७५ उष्मांक जायला हवेत. चूल असो की शेगडी, हा आकडा बदलत नाही. बदलतं ते त्यासाठी जाळावं लागणारं इंधन. सिलिंडरमधल्या एक किलो गॅसमध्ये सुमारे ११,००० उष्मांक असतात आणि एक किलो वाळलेल्या लाकडात साधारण ३,६००. यावरून एक किलो गॅस म्हणजे तीन किलो लाकूड, असा हिशेब कोणीही करील. स्वयंपाकघरात मात्र तो साफ चुकतो. तिथे एक किलो गॅसच्या जागी पंधरा किलो लाकूड लागतं.

हा फरक कुठून येतो ते लाकडापासूनच पाहायला हवं. बाभळीचं लाकूड चांगलं आणि पांगाऱ्याचं भुसभुशीत, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. पण दोन्ही सारखीच वाळलेली असतील तर किलोमागची उष्णता जवळपास सारखीच भरते. बाभूळ जड, म्हणून तेवढ्याच आकाराच्या ढलपीत जास्त किलो मावतात आणि ती जास्त वेळ जळते, एवढंच. लाकडाची किंमत खरी ठरते ती त्यातल्या पाण्यावर. नुकत्याच तोडलेल्या ओल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. मग किलोभर लाकडात जळणारा भाग अर्धाच उरतो आणि त्याच्या उष्णतेतलाही वाटा ते पाणी वाफ करून घालवण्यात जातो. हाती राहतात जेमतेम १,९०० उष्मांक. शिवाय वाफेने जाळ थंडावतो, लाकूड पुरतं जळत नाही आणि धूर होतो. धूर म्हणजे न जळताच निघून गेलेलं इंधन. पावसाळ्याआधी सरपण आत घेण्याची घाई यासाठीच असते. नीट वाळलेल्या लाकडाच्या टोकाला भेगा दिसतात आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो. ओलं लाकूड चुलीत घातलं की सूं सूं करतं आणि मागच्या टोकातून फेस गाळतं.

लाकूड कितीही वाळलेलं असलं, तरी साध्या चुलीत त्याच्या उष्णतेतला आठवा-दहावा हिस्साच भांड्याला लागतो. ज्वाळा भांड्याच्या बाजूने निसटतात, चुलीची जाड माती बरीच उष्णता पिऊन घेते, आणि समोरच्या तोंडातून गरजेपेक्षा जास्त थंड हवा आत शिरते. १२ टक्के उष्णता भांड्याला मिळते असं धरलं, तर किलोमागे ४३० उष्मांक हाती येतात. आपलं पाच लिटर पाणी उकळायला सुमारे पाऊण-एक किलो लाकूड लागतं ते यामुळे. चुलीला जोडून वैल ठेवणाऱ्या बायकांनी यावर केव्हाच उपाय काढला होता. पुढच्या भांड्याला चुकवून जाणारी गरम हवा मागच्या भांड्याखालून जाते, आणि भात पुढे शिजत असताना मागे डाळ किंवा पाणी तापतं. सुधारित चुलींच्या मागेही हाच विचार आहे. राख खाली पडावी आणि हवा खालून मिळावी म्हणून जाळी, भांड्याभोवती कमी फट, आणि भिंती पातळ. चांगली चूल हे प्रमाण दुप्पट करते, म्हणजे सरपण निम्म्यावर आणते. डोक्यावरून मोळ्या वाहून आणणाऱ्या बाईसाठी याचा अर्थ निम्म्या खेपा असा असतो, आणि चुलीबद्दल बोलताना ही गोष्ट सर्वांत आधी मोजली जावी असं मला वाटतं.

गोवरीचं किलोमागचं मूल्य लाकडापेक्षा कमी, साधारण ३,००० उष्मांक. कारण तिच्यात राखेचा भाग बराच, पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक, आणि राख जळत नाही. चुलीत ती लाकडाहूनही कमी साथ देते. १० टक्के उष्णता भांड्याला मिळाली असं धरलं, तर त्याच पाण्याला सव्वा किलो गोवऱ्या लागतात. तरी गोवरी टाकाऊ ठरत नाही. ती धुमसत, संथ जळते, म्हणून दूध आटवायला किंवा विदर्भातले रोडगे भाजायला तिच्यासारखी आच दुसरी नाही. पाणी झटपट उकळायचं असेल, तर मात्र ती हुडव्यातच राहू द्यावी.

रॉकेलने हे गणित एकदम बदललं होतं. एक लिटर रॉकेलमध्ये ८,४०० च्या आसपास उष्मांक, आणि स्टोव्हची ज्योत भांड्याच्या बुडाशी नेमकी लागत असल्याने निम्मी उष्णता भांड्याला मिळते. पाच लिटर पाण्याला ९० मिलिलिटर पुरतं. वाती काजळलेल्या किंवा कमी-जास्त उंचीच्या असल्या की ज्योत पिवळी होते, बुडाला काजळी धरते आणि रॉकेल उगाच संपतं.

गॅसच्या शेगडीवर रोजच्या वापरात ६० टक्के उष्णता भांड्याला मिळते असं धरू. नव्या शेगडीला भारतीय मानकाप्रमाणे किमान ६८ टक्के गाठावे लागतात, पण घरातला वारा, लहान भांडं आणि बुजलेलं बर्नर यात थोडे जातातच. त्या हिशेबाने आपल्या पाण्याला जेमतेम ५७ ग्रॅम गॅस लागतो. १४.२ किलोचं अख्खं सिलिंडर भांड्यांपर्यंत सुमारे ९४,००० उष्मांक पोचवतं. तेवढंच काम साध्या चुलीवर करायला दोनशे-सव्वादोनशे किलो सुकं लाकूड लागेल, म्हणजे वीस किलोच्या दहा-अकरा मोळ्या.

आता पाइपचा गॅस. हा बहुतांश मिथेन, तर सिलिंडरमधला प्रोपेन आणि ब्युटेन. पाइपच्या गॅसचं बिल किलोवर नसतं, घनमीटरवर असतं, आणि गोंधळ इथेच होतो. एका घनमीटरमध्ये साधारण ८,५०० उष्मांक. सिलिंडरचा गॅस तेवढ्याच जागेत याच्या अडीच पटींहून जास्त उष्णता बाळगतो. म्हणून पाइपच्या गॅसला शेगडीच्या जेटचं भोक मोठं लागतं. जुन्या शेगडीचा जेट तसाच ठेवला तर ज्योत मलूल राहते आणि भात शिजायला वेळ लागतो. उलट, पाइपसाठी बदललेली शेगडी गाव बदलल्यावर पुन्हा सिलिंडरला जोडली, तर लांब पिवळ्या ज्वाळा उठतात, भांडी काळी होतात आणि ते धोक्याचंही असतं. जेट बदलायचं काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावं.

दोन्हींत स्वस्त कोणता, हे घरच्या घरी काढता येतं. एका सिलिंडरमधली उष्णता जवळपास साडेअठरा घनमीटर पाइपच्या गॅसइतकी. पण पाइपच्या गॅसवर शेगडी सहसा थोडी कमी काम देते. तिथे ५५ टक्के धरले, तर एका सिलिंडरच्या कामाला वीस घनमीटर लागतात. समजा सिलिंडर ९०० रुपयांना पडतं. ९०० ला २० ने भागलं की ४५ येतात. पाइपच्या गॅसचा दर घनमीटरला ४५ रुपयांच्या खाली असेल, तर तो स्वस्त. आपल्या गावचे दर घालून हाच भागाकार करावा, पण बिलातले कर आणि स्थिर आकार त्या दरात मिळवून. गॅस कमी जाळणाऱ्या दोन माणसांच्या घरात हे स्थिर आकारच कधी कधी निकाल फिरवतात.