खेळ निवडताना (७) : दळण नेमकं कुठे आहे?

मागच्या लेखांकात नाशिकच्या माझ्या मावसबहिणीला एक खेळ सुचवला होता. ती दिवसभर औषधांच्या दुकानाचा हिशोब बघते आणि रात्री जेवणं उरकली की तासभर लॅपटॉपवर खेळते. तिची मागणी सरळ होती: मोठं जग, मनसोक्त भटकायला मोकळीक, आणि धरून ठेवणारी गोष्ट. मी २०१८ सालचा ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ सांगितला. पेलोपोनेशियन युद्धाच्या काळातला ग्रीस, समुद्र, बेटं, स्वतःचं जहाज आणि हरवलेल्या कुटुंबाचा शोध, असं सगळं त्यात आहे. तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. “दादा, खेळ सुंदर आहे रे, पण तेच तेच दळण. मी सोडला.”

खेळणारी मुलं याला ‘ग्राइंड’ म्हणतात. ‘ग्राइंडी आहे, रिपीटिटिव्ह आहे’ असं कानावर आलं की सुचवणाऱ्याचा हात लगेच दुसऱ्या टोकाला जातो: मग सरळ रेषेत जाणारा, दहा तासांत संपणारा एखादा छोटा खेळ देऊ. माझ्याही तोंडावर एक नाव आलं होतं, पण मी थांबलो. दळण ही तिला जाणवलेली गोष्ट होती. ती कशामुळे जाणवली, हे त्या शब्दातून कळत नाही. कारण न शोधता खेळ बदलला तर तिला आवडलेल्या गोष्टीही त्याच्याबरोबर जातात.

‘काय आवडलं नाही?’ असं मी विचारलं नाही. त्या प्रश्नाला माणूस एका वाक्यात निकाल देऊन मोकळा होतो. मी विचारलं, “ज्या रात्री सोडलास, त्या रात्री शेवटचा अर्धा तास काय करत होतीस?”

ती एका छावणीत होती. गवतात लपून आत शिरायचं, कप्तानाला मारायचं, पेटी उघडायची, युद्धाची रसद जाळायची. तशी ती त्या आठवड्यातली चौथी की पाचवी छावणी होती. पण छावणीत जायचं तिच्या मनातच नव्हतं. गोष्टीत आईचा माग लागला होता आणि तिला तिकडे जायचं होतं. त्या मोहिमेवर लिहिलेली पातळी मात्र तिच्या पात्राच्या पातळीपेक्षा तीन-चारने वर होती. तरी एकदा ती तशीच गेली. मागून जाऊन पहारेकऱ्यावर सुरा चालवला, तो मेला नाही, वळला, आणि दोन घावांत हिचाच खेळ आटोपला.

ओडिसीची घडण अशीच आहे. शत्रू तुमच्यापेक्षा काही पातळ्या वर असला की तुमच्या घावाने त्याचं फारसं बिघडत नाही आणि त्याचा घाव तुम्हाला भारी पडतो. त्यामुळे कौशल्य कितीही असलं तरी गुण जमवून पातळी वाढवावीच लागते. गुण मोहिमांतून मिळतात, छावण्यांतून मिळतात, गावोगावच्या फलकांवर लावलेल्या किरकोळ कामांतून मिळतात. भर म्हणजे आजूबाजूच्या मुलखातले शत्रूही बऱ्याच अंशी तुमच्याबरोबर वर चढतात. म्हणून पातळी वाढली तरी आपण बलवान झालो असं वाटत नाही, फक्त दार उघडतं. शत्रूंचं हे चढणं थोडं सैल करण्याचा पर्याय नंतरच्या अपडेटमध्ये आला, पण पुढच्या मोहिमेचं दार त्याने उघडत नाही.

तिने विचारलं, “दुकानात ते पन्नास टक्के जास्त गुण देणारं मिळतं, ते घेऊ का?” खेळाच्या आतल्या दुकानात खरंच तसं आहे. पैसे भरले की कायमचे दीडपट गुण मिळतात. मी नको म्हटलं. पाच छावण्यांच्या जागी चार कराव्या लागतील, पण त्या चारही तिला नकोच होत्या.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि पुढची सगळी निवड त्यावरच ठरली. हीच बाई ‘स्टारड्यू व्हॅली’ शंभराहून जास्त तास खेळली आहे. त्या खेळात रोज सकाळी उठून पिकाला झारीने पाणी घालायचं असतं. एकेका चौकोनावर जाऊन, दिवसामागून दिवस. पुनरावृत्ती हाच शत्रू असता तर ती पहिल्या उन्हाळ्यातच पळाली असती. मी तिला तसं म्हटलं तर म्हणाली, “ते वेगळं. ते माझं शेत होतं.”

तिच्या ‘वेगळं’ या शब्दात बरंच काही आहे. स्टारड्यूत पाणी घालणं हा दुसऱ्या कुठल्या आनंदाच्या वाटेवरचा टोलनाका नाही. कुठे काय पेरायचं हे तिने ठरवलेलं असतं आणि तेच काम तिला करायचं असतं. शिवाय तो खेळ त्या कामाला योग्य वेळी रजा देतो. शेतीचं कौशल्य दुसऱ्या पातळीला गेलं की आजूबाजूचे चार चौकोन भिजवणारा स्प्रिंकलर बनवता येतो, आणि सहाव्या पातळीला आठ चौकोन भिजवणारा. झारी हातात धरायचा कंटाळा येऊ लागतो, नेमकी तेव्हाच ती बाजूला ठेवायची सोय होते आणि सकाळ दुसऱ्या कामांना मोकळी होते. ओडिसीतली छावणी विसाव्या वेळीही तशीच शिल्लक असते.

म्हणजे ‘दळण’ या एका शब्दाखाली दोन तक्रारी असू शकतात. एक, जे हवं आहे त्याच्या आणि माझ्या मध्ये नको असलेलं काम उभं आहे. दुसरी, काम हवं होतं पण त्यात आता नवं काही उरलं नाही. पहिलीवर उपाय म्हणजे असा खेळ, ज्यात पातळीचं कुलूपच नाही. दुसरीला तेवढ्याने भागत नाही, तिथे करायची कृतीच बदलावी लागते. बहिणीची तक्रार मुख्यतः पहिली होती, आणि छावण्यांच्या चौथ्या-पाचव्या फेरीला दुसरीही तिला येऊन मिळाली होती.

मग उरला दुसरा अर्धा भाग: जपायचं काय? मी विचारलं की ओडिसीत कुठे वेळेचं भान राहिलं नाही. तिने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं. सुरुवातीला तिने शोधाचा पर्याय निवडला होता. त्यात नकाशावर ठिकाणाची खूण येत नाही. अमुक डोंगराच्या दक्षिणेला, नदीजवळ, असे दोन-तीन धागे मिळतात, आणि मग आपण गरुड उडवून जागा शोधायची. “मी कागदावर लिहून ठेवायचे,” ती म्हणाली. लढाईबद्दल ती स्वतःहून एक शब्दही बोलली नाही.

आता पर्याय मोजके उरले. ‘असॅसिन्स क्रीड मिराज’ २०२३ सालचा आहे आणि पुष्कळ छोटा आहे. त्यात पात्राची पातळी वाढवण्याचं प्रकरणच नाही, त्यामुळे कुलूप निघालं. पण लपून शिरण्याची कृती तीच, म्हणजे तिची दुसरी तक्रार महिन्याभरात परत आली असती. ‘द विचर ३’ मधली बाजूची कामंसुद्धा छोट्या कथांसारखी लिहिलेली आहेत आणि गुण मुख्यतः मोहिमांतूनच मिळतात. पातळ्या मात्र तिथेही आहेत, आणि रोज तासभर खेळणाऱ्या माणसाला तो कित्येक महिने पुरतो. गोष्ट हेच तिचं पहिलं प्रेम असतं तर मी तोच दिला असता. पण तिने कागदावर लिहून ठेवल्याचं सांगितलं तेव्हा माझं ठरलं: ‘आउटर वाइल्ड्स’.

२०१९ सालच्या या खेळात एक लहानशी सूर्यमाला आहे आणि एक लाकडी, डगमगतं अंतराळयान. पातळी नाही, गुण नाहीत, तलवार नाही, विकत घ्यायला काही नाही. शेवटच्या जागी जाण्यासाठी लागणारं सामान पहिल्या दिवसापासून तुमच्याकडे असतं. तिथे कसं जायचं एवढं फक्त माहीत नसतं. कुलूप आहे, पण त्याची किल्ली म्हणजे कुठेतरी वाचलेली एक ओळ किंवा डोळ्यांनी पाहिलेली एक घटना. जे कळतं ते यानातल्या संगणकावर आपोआप नोंदलं जातं, आणि कुठला धागा कुठे जोडला आहे हे तिथे रेघांनी दिसतं. बहिणीच्या कागदाचंच ते मोठं रूप आहे.

पण ‘तेच तेच’ म्हणून वैतागलेल्या माणसाला हा खेळ देण्यात धोका आहे, आणि तो आधीच सांगायला हवा. यातला काळ २२ मिनिटांचा आहे. ती संपली की सगळं पुन्हा पहिल्या क्षणापासून सुरू होतं. हे तिचं तिला कळावं अशी खेळाची इच्छा असते, एरवी मीही सांगितलं नसतं. तिला सांगितलं, कारण न सांगता दिला असता तर तिसऱ्या मरणाला तिने लॅपटॉप मिटला असता. “जग परत सुरू होईल, पण तुझी नोंदवही पुसली जाणार नाही. मेलीस म्हणून काही गमावलं असं समजू नकोस,” एवढंच म्हणालो. यानाचं ऑटोपायलट वाटेत सूर्य आला तरी चुकवत नाही, तेवढंही सांगून ठेवलं.

आणि एक मोजमाप ठरवलं. स्टीमवर विकत घेतलेला खेळ १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. या खेळात पहिला अर्धा तास गावातच जातो: वेधशाळेत जायचं, उड्डाणाचा संकेतांक घ्यायचा, लोकांशी बोलायचं. त्यावरून निकाल लावू नये. उरलेल्या वेळात दोन-तीन उड्डाणं होतात. त्यानंतर मी तिला एवढंच विचारणार होतो की उद्या कुठे जाणार आहेस. उत्तर एखाद्या जागेचं आलं तर ठेवायचा, ‘बघू’ आलं तर परत करायचा.

दुसऱ्या रात्री तिचाच फोन आला. एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ग्रहांवर ती गेली होती. त्यातल्या एकावरची वाळू खांबासारखी उठून दुसऱ्यावर ओतत असते. दुसऱ्याच्या गुहा हळूहळू भरत जातात आणि पहिल्यावर गाडलेलं उघडं पडत जातं. भिंतीवरचा मजकूर निम्मा वाचून होतो तोच वाळू गळ्याशी आली, असं ती सांगत होती. उद्या निघाल्या निघाल्या आधी तिथेच जाणार म्हणाली.

आठवड्याने तक्रारही आली. उघड्या पडणाऱ्या त्या ग्रहावर हवी ती जागा दिसायला बराच वेळ जातो, आणि तेवढ्यासाठी तिसऱ्यांदा वाट पाहावी लागली. ही तक्रार खरी आहे, या खेळाची तेवढी उणीव मला मान्य आहे. पण ही जुनी तक्रार नव्हे. इथे काय करायचं हे तिला माहीत होतं आणि ते करायचंही होतं, फक्त वेळ जुळत नव्हती. त्यामुळे या वेळी खेळ बदलायचा प्रश्न नव्हता. शेकोटीजवळ डुलकी घेतली की घड्याळ भराभर पुढे सरकतं, हे तिला ठाऊक नव्हतं. तेवढं सांगितलं, आणि म्हटलं, एखाद्या रात्री झोपायचंही नसेल तर नोंदवहीतली दुसरी रेघ धर, त्या ग्रहाकडे बघूच नकोस.

“दुसरी म्हणजे ती वादळांच्या ग्रहाची?” तिने विचारलं. “तिथे आत कसं शिरायचं ते मला अजून कळलेलं नाही. सांगू नकोस.”