बाविसावी बोट

मोबाइलवर एका पानाचा फोटो येतो. पान थोडे तिरके, कडेला कोणाचा तरी अंगठा, खालची ओळ अर्धी कापलेली. कादंबरीचा पहिला परिच्छेद आहे एवढेच कळते. मुखपृष्ठ नाही, लेखकाचे नाव नाही. सोबतचे आव्हान सोपे वाटते: या परिच्छेदापासून पुढे एक लघुकथा लिहा, पण आवाज आणि जागा तीच राहू द्या. लेखनाच्या वर्गात हा सराव देतात तेव्हा बहुतेक जण लगेच कथानकाच्या मागे लागतात. पुढे काय होईल, कोण येईल, शेवट कसा होईल. पहिली चूक तिथेच होते, कारण पुढे काय होणार याच्या खुणा बऱ्याचदा फोटोतल्या सात-आठ वाक्यांतच असतात.

कसे ते पाहण्यासाठी एक परिच्छेद घेऊ. तो कोणत्याही कादंबरीतला नाही, या लेखासाठीच रचलेला आहे.

‘आमच्या बंदरात आगबोट रात्री यायची. किती वाजता, ते कंपनीलाही सांगता यायचे नाही. अण्णा मात्र दिवेलागणीलाच धक्क्यावर जाऊन बसत. सोबत कंदील आणि अर्ध्या आण्याची कुरमुऱ्यांची पुडी. कोणी विचारलेच तर म्हणत, वारा खायला आलोय. वारा घरीही भरपूर होता. त्या वर्षी त्यांनी एकवीस बोटी पाहिल्या. मी मोजल्या होत्या, कारण पुडीतले अर्धे कुरमुरे माझे असत.’

आधी हा मजकूर हाताने उतरवून काढावा. फोटोवरून अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबू नये, कारण देवनागरीत ते ‘ख’चा ‘रव’ करते, ‘घ’चा ‘ध’ करते आणि रफार गाळते. शिवाय हाताने उतरवताना एक गोष्ट बोटांना कळते जी डोळ्यांना कळत नाही: वाक्य कुठे थांबते. या परिच्छेदात एकही लांब वाक्य नाही. निवेदक एक गोष्ट सांगतो आणि पुढच्याच वाक्यात तिच्यातली हवा काढून घेतो. अण्णा वारा खायला आले म्हणतात, आणि लगेच, वारा घरीही भरपूर होता. हा त्याचा स्वभाव आहे. तो हळवा नाही, मोजणारा आहे, आणि वडीलधाऱ्यांवर टीका करायची तर ती कुरमुऱ्यांच्या आडून करतो.

आता क्रियापदे. आगबोट ‘यायची’, पण अण्णा ‘बसत’, ‘म्हणत’. दोन्ही रूपे एकच काळ दाखवतात. व्याकरणात त्याला रीतिभूतकाळ म्हणतात, म्हणजे पूर्वी नेहमी घडणारी गोष्ट. पण बोटीला बोलण्यातले रूप मिळाले आहे आणि अण्णांना जुन्या वळणाचे, जरा अदबीचे. पुढच्या कथेत कोणी ‘अण्णा यायचे, बसायचे, हसायचे’ असे लिहिले तर व्याकरण चुकत नाही, आवाज मात्र बदलतो. तसेच ‘सांगता यायचे नाही’ हे ‘यायचं’ असे लिहिलेले नाही. आजच्या कथांमध्ये बोलीच्या जवळ जायला सर्रास ‘चं’ वापरतात. हा निवेदक छापील मराठी लिहिणारा आहे. बोलण्यातला ‘आलोय’ आला आहे तो अण्णांच्या तोंडी. दहाव्या ओळीत निवेदकाच्याच वाक्यात अचानक ‘वाटलं’ आले की सांधा उघडा पडतो.

काळ आणि गाव शोधायला एवढेच शब्द पुरतात. अर्धा आणा म्हणजे 1 एप्रिल 1957 च्या आधीची गोष्ट, कारण त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. चार आणे, आठ आणे हे शब्द त्यानंतरही पंचवीस आणि पन्नास पैशांसाठी बोलण्यात टिकले, पण अर्ध्या आण्याला नव्या हिशेबात नेमके नाणे उरले नाही. आगबोट, कंपनी, धक्का म्हणजे कोकणचा किनारा. कुरमुरे हा शब्दही तिकडेच बोट दाखवतो. पुण्या-साताऱ्याकडे चुरमुरे, विदर्भात मुरमुरे. एका अक्षराने माणूस घाट चढून वर जातो.

जुन्या छपाईचे पान असेल तर शुद्धलेखनही साक्ष देते. ‘घरांत’, ‘कांहीं’, ‘मीं’ असे अनुस्वार दिसले तर पुस्तक बहुधा 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीचे. त्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. मात्र ती साक्ष छपाईच्या काळाची असते, कथेच्या काळाची नव्हे. हे दोन काळ एक समजून बरेच जण फसतात.

कोकणची बोट एवढे कळले की मग त्या जगाचे नियम पाळावे लागतात, आणि ते घरबसल्या सुचत नाहीत, माहीत करून घ्यावे लागतात. पहिला नियम पावसाचा. दर्या खवळला की मुंबईहून कोकणच्या बंदरांना जाणारी आगबोट बंद व्हायची ती पावसाळा सरेपर्यंत. म्हणजे श्रावणातल्या अंधाऱ्या रात्री, धो-धो पावसात अण्णा बोटीची वाट पाहतात हे दृश्य कितीही देखणे असले तरी खोटे. दुसरा नियम पाण्याचा. अनेक बंदरांत आगबोट किनाऱ्याला लागतच नसे. ती दूर उभी राही आणि उतारू पडावातून धक्क्यावर येत. तेव्हा मुंबईचा चाकरमानी ऐटीत जिना उतरून अण्णांसमोर उभा राहणार नाही. तो आधी एक हलता दिवा असेल, मग वल्ह्यांचा आवाज, मग कोणाचे तरी खोकणे, आणि शेवटी चेहरा. बोट लागल्याने तो चेहरा बहुधा पांढराफटक असेल. हा उशीर कथेला फार उपयोगी आहे. धक्क्यावरच्या माणसाला कोण आले ते कळायला बराच वेळ लागतो, आणि तेवढा वेळ वाचकही अण्णांच्या शेजारी बसून राहतो.

आता पुढे लिहायला घेऊ. सरावात बहुधा असे काहीतरी येते: ‘अण्णांच्या डोळ्यांत अश्रू तरळले. वीस वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला त्यांचा धाकटा भाऊ आज परत येणार होता.’ अण्णा कोणाची वाट पाहतात हा परिच्छेदाने जपून ठेवलेला प्रश्न दोन वाक्यांत खर्ची पडला. आणि अश्रू तरळल्याचे सांगणारा हा कोण? अर्ध्या कुरमुऱ्यांसाठी बोटी मोजणारा मुलगा तर नक्कीच नाही.

परिच्छेदात कथेचे बी एका आकड्यात आहे. एकवीस. मोजणारा माणूस एकवीसवर थांबतो तेव्हा बाविसाव्या वेळी काहीतरी वेगळे झालेले असते. कादंबरीला अशी दहा बिये पेरता येतात. अण्णांचा भूतकाळ, कंपनीचा कारभार, गावातली माणसे, सगळ्यांना तिच्याजवळ जागा असते. हजार-दीड हजार शब्दांच्या लघुकथेने एकच उचलावे. आणि रीतिभूतकाळातून बाहेर पडण्याची जागाही हीच. ‘बसत’, ‘म्हणत’ चालू असेपर्यंत काहीच घडत नाही, फक्त रीत कळते. साधा भूतकाळ आला की कथा सुरू होते. पुढची ओळ अशी येऊ शकते:

‘बाविसावी बोट मी पाहिली नाही. मला ताप होता आणि आईने तळपायांना कांद्याचा रस चोळला होता. अण्णा एकटेच गेले. सकाळी पुडी माझ्या उशाशी होती, तशीच बांधलेली. मी ती सोडून अर्धे कुरमुरे त्यांच्यासाठी बाजूला ठेवले. दोन दिवसांनी आईने ते कोंबड्यांना टाकले.’

बोटीतून कोणी उतरले की अण्णाच तिच्यात चढून गेले, हे निवेदक सांगत नाही. न उघडलेली पुडी आणि कोंबड्या एवढ्यावर तो थांबतो, कारण पहिल्या परिच्छेदातही तो एवढेच बोलत होता. ताप आणून त्याला घरी ठेवणे ही लेखकाची युक्ती आहे हे खरे, पण न पाहिलेली गोष्ट मोजता येत नाही आणि हा मुलगा मोजल्याशिवाय बोलत नाही. त्यामुळे युक्ती खपून जाते. पुढे शेजारी काय म्हणाले, आईने कंदील कोणाला देऊन टाकला, अशा वस्तूंच्याच वाटेने कथा जाऊ शकते.

लकब उचलणे आणि आवाज उचलणे यांत मात्र फरक आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या 1963 च्या ‘कोसला’मधला पांडुरंग सांगवीकर ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द सतत वापरतो. पुढे त्याची नक्कल करणाऱ्या कित्येकांनी ते शब्द जिकडेतिकडे पेरले आणि नकलेचे विडंबन झाले. पांडुरंगाला नेमके बोलण्याचाच कंटाळा आणि संशय आहे. तो नसेल तर ‘वगैरे’ नुसता वगैरे राहतो. आपल्या निवेदकाचेही तसेच आहे. प्रत्येक परिच्छेदात काहीतरी मोजायला लावले तर चौथ्या पानावर तो हिशेबनीस होईल. सबंध कथेत तो दोनदा मोजेल, फार तर तीनदा.

हे काम पूर्ण लांबीवर करून दाखवल्याचे ठळक उदाहरण जपानचे आहे. नात्सुमे सोसेकी 1916 च्या डिसेंबरात वारले तेव्हा त्यांची ‘मेइआन’ ही वर्तमानपत्रात येणारी कादंबरी 188 व्या प्रकरणावर थांबली. 1990 मध्ये मिनाए मिझुमुरा या लेखिकेने ती पुढे नेली. ही त्यांची पहिलीच कादंबरी. मिझुमुरा बाराव्या वर्षी अमेरिकेला गेल्या आणि तिथे जुनी जपानी पुस्तके वाचत वाढल्या. त्यांनी सोसेकींची शब्द लिहिण्याची खास पद्धतसुद्धा पाळली. सुरुवातीला सोसेकींचे शेवटचे प्रकरण जसेच्या तसे ठेवले आणि मग स्वतःचे सुरू केले, म्हणजे सांधा कुठे आहे ते वाचकाला दाखवून दिले. बिचकणाऱ्या लेखकाने उलट केले असते. सांधा उघड्यावर ठेवला की दोन्ही बाजूंचे कापड सारखे आहे का ते वाचकाला चाचपून पाहता येते.

घरच्या घरी हीच चाचणी करता येते. मूळ परिच्छेद आणि आपली कथा सलग मोठ्याने कोणाला तरी वाचून दाखवायची आणि माणूस कुठे बदलला ते विचारायचे. ऐकणारा ज्या वाक्याला मान वर करतो तिथे बहुतेक वेळा एखादे विशेषण जास्त झालेले असते किंवा कोणीतरी आपले मन उलगडून सांगू लागलेले असते. तेवढे वाक्य काढून पुन्हा वाचावे.

सराव वहीत राहिला तर प्रश्न नाही. छापायला द्यायचा असेल तर फोटोतले पुस्तक कोणाचे ते आधी शोधावे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतात. हरि नारायण आपटे 1919 मध्ये वारले, त्यांच्या कादंबरीचा परिच्छेद उचलून पुढे लिहायला आज परवानगी लागत नाही. व्यंकटेश माडगूळकर 2001 मध्ये गेले, त्यांच्या पुस्तकांसाठी 2061 सरेपर्यंत विचारावे लागेल.