पहारेकऱ्यापुढे हजेरी कोणाची?

थ्रीडी प्रिंटरच्या नॉझलमागे साधारण ४० वॅटचा हीटर असतो. पूर्ण ताकदीने चालू राहिला तर धातूचा तो छोटासा ठोकळा सेकंदाला दोन-तीन अंशांनी तापतो. त्यावर लक्ष ठेवणारा प्रोग्राम नेमका हीटर चालू असताना अडकला, तर हीटर बंद करणारे कोणी उरत नाही. त्यासाठी चिपमध्येच वॉचडॉग टायमर असतो. प्रोग्रामने त्याला ठरलेल्या मुदतीत पुन्हा शून्यावर आणले नाही, की तो चिप रीसेट करतो. ‘मार्लिन’ हे प्रिंटरचे फर्मवेअर एटीमेगा २५६० चिपवर ज्या पद्धतीने हा टायमर वापरते, त्यातून एक गोष्ट नीट कळते: वॉचडॉगला फक्त हजेरी दिसते. ती हजेरी कशाचा पुरावा आहे, हे आपणच ठरवायचे असते.

आधी मुदतीबद्दल. या चिपवर १६ मिलिसेकंदांपासून ८ सेकंदांपर्यंतच्या मुदती मिळतात आणि अनेक जण ‘सुरक्षित राहू’ म्हणून थेट ८ निवडतात. मुदत खालून कामाने बांधलेली असते, वरून नुकसानीने. मुख्य फेरीला सर्वांत वाईट वेळी किती वेळ लागतो, हे मोजून त्याच्या वर राहायचे. एसडी कार्डवर लिहिताना कार्ड पाव सेकंद अडवू शकते, हेही त्या मोजणीत धरायचे. दुसरीकडे, ४ सेकंदांत नॉझल दहा-बारा अंश चढेल, ८ सेकंदांत त्याच्या दुप्पट. वॉचडॉगचे घड्याळ १२८ किलोहर्ट्झचे, चिपमधलेच, आणि तापमान व व्होल्टेजनुसार सरकणारे. म्हणून दोन्ही बाजूंना मोकळी जागा हवी. कामाची खालची मर्यादा नुकसानीच्या वरच्या मर्यादेला ओलांडू लागली, तर मुदत वाढवून उपयोग नाही. ते लांबलेले काम तुकड्यांत तोडावे.

हजेरी कुठे द्यावी, हा प्रश्न याहून महत्त्वाचा. `wdt_reset()` टायमरच्या इंटरप्टमध्ये टाकणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत घातक चूक आहे. मुख्य फेरी कायमची अडकली तरी इंटरप्ट चालूच राहतो आणि वॉचडॉगला सारे आलबेल दिसते. मार्लिनमध्ये इंटरप्ट तापमानाची नवी मोजणी पूर्ण झाल्याची खूण करतो. मुख्य फेरी ती खूण पाहून आकडे वापरते आणि तेव्हाच वॉचडॉगला हजेरी देते. दोघांपैकी कोणीही थांबला, तरी हजेरी चुकते. कामे जास्त असतील तर प्रत्येकाने आपली खूण करावी, आणि सगळ्या खुणा जमल्यावर एकाच ठिकाणाहून हजेरी जावी.

रीसेट केल्याने छपाई वाया जाते, असा आक्षेप घेतला जातो. खरे आहे, जाते. पण रीसेटमध्ये चिपच्या पिना इनपुट होतात आणि हीटरचा मॉसफेट त्याच्या पुल-डाऊन रोधामुळे बंद पडतो. अर्धवट छपाईची किंमत यापुढे काहीच नाही. अट एवढीच, की बोर्डावर तो रोध खरोखर असावा.

अडचण येते ती रीसेटनंतर. या चिपमध्ये वॉचडॉगने रीसेट केले की `MCUSR` मधली `WDRF` ही खूण उभी राहते. ती उभी असेपर्यंत वॉचडॉग चालूच राहतो, आणि तोही सर्वांत छोट्या, १६ मिलिसेकंदांच्या मुदतीवर. जुन्या मेगा बोर्डांचा बूटलोडर ती खूण पुसत नसे आणि संगणकाची वाट पाहण्यात १६ मिलिसेकंदांहून जास्त वेळ घालवत असे. त्यामुळे तुमच्या प्रोग्रामपर्यंत पाळी येतच नसे. याच कारणाने मार्लिनमध्ये `WATCHDOG_RESET_MANUAL` हा पर्याय ठेवावा लागला. तो हार्डवेअर रीसेट टाळतो आणि वॉचडॉगच्या इंटरप्टमध्येच मशीन थांबवतो.

रीसेटचे असे चक्र ओळखायचे तर रीसेटमधले अंतर मोजावे. ते १६ मिलिसेकंदांच्या आसपास असेल, रीसेटचे बटण दाबून फरक पडत नसेल, पण वीज काढून पुन्हा दिल्यावर यंत्र सुरळीत चालत असेल, तर दोष या खुणेचा आहे, कारण बटण ती पुसत नाही, वीज पुसते. अंतर तुम्ही ठेवलेल्या मुदतीइतके, समजा चारेक सेकंदांचे असेल, तर प्रोग्राम सुरू होऊन दर वेळी एकाच जागी अडकतो आहे. `WDRF` ऐवजी `BORF` उभी दिसली, तर वीजपुरवठा तपासावा. या खुणा वाचण्यासाठी प्रोग्रामच्या अगदी आरंभी त्या जपून ठेवाव्या लागतात:

```c
uint8_t karan __attribute__((section(".noinit")));
void aarambh(void)
  __attribute__((naked, used, section(".init3")));
void aarambh(void) {
  karan = MCUSR;
  MCUSR = 0;
  wdt_disable();
}
```

यातला क्रम बदलू नये. `WDRF` पुसल्याशिवाय वॉचडॉग बंद होत नाही. बूटलोडरच अडकत असेल, तर हा कोडही निरुपयोगी. तिथे बूटलोडर बदलणे हाच उपाय. लागोपाठच्या रीसेटची संख्याही अशाच `.noinit` जागेत मोजावी आणि तीन झाले की हीटर बंद ठेवून थांबावे. ती ईईप्रॉममध्ये मोजू नये. ईईप्रॉमची एक जागा सुमारे एक लाख वेळा लिहिता येते, आणि दर दोन सेकंदांनी रीसेट होणारे यंत्र ती मर्यादा साडेपंचावन्न तासांत गाठते.